ऑफर स्वीकारण्याआधी महिन्याचा हिशेब: गोव्याहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे साधारण चवथीच्या तयारीच्या दिवसांत, जर्मन विद्यापीठांची प्रवेशपत्रं यायला लागतात. एखाद्याच्या हातात दोन-दोन असतात. मग घरात चर्चा होते ती रँकिंगची आणि फीची. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, म्हणजे शिक्षण जवळजवळ फुकट, असं धरून लोक मोठ्या शहराची ऑफर स्वीकारतात. पैसे नेमके कुठं जाणार हे ऑक्टोबरमध्ये तिथं उतरल्यावर कळतं, आणि तोवर दुसऱ्या ऑफरची मुदत संपलेली असते.

हा हिशेब आधी घरी बसून करता येतो. दोन संध्याकाळी पुरतात. मी इथं जर्मनीचंच उदाहरण घेतलंय, कारण तिथं व्हिसासाठी सरकारनंच एक आकडा ठरवून दिलाय आणि त्या आकड्यावरून बरीच गफलत होते.

आधी 992 चा अर्थ समजून घ्या

विद्यार्थी व्हिसासाठी जर्मनीत तुमच्या नावाचं एक गोठवलेलं खातं उघडून त्यात वर्षाचे पैसे आगाऊ भरावे लागतात. जर्मन भाषेत त्याला श्पेरकोंटो म्हणतात, आपली मुलं ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे. तिथं गेल्यावर त्यातून दर महिन्याला फक्त 992 युरो तुमच्या चालू खात्यात येतात. मध्येच जास्त हवे म्हटले तरी मिळत नाहीत.

घरच्यांना वाटतं, जर्मन सरकार म्हणतंय 992, म्हणजे तेवढ्यात महिना भागत असणार. तसं नाही. हा आकडा देशभर एकच आहे. म्युनिकला जाणाऱ्यालाही तोच आणि केम्निट्झला जाणाऱ्यालाही तोच. ‘एवढे तरी दाखवा, मग व्हिसाचं बघू’ एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या शहरात तुमचा महिना कितीत भागेल हे तुम्हालाच काढायचंय.

म्हणून हिशेबाची दिशा उलटी ठेवा. 992 वरून सुरुवात करा आणि एकेक खर्च वजा करत जा. कुठल्या टप्प्याला हात आखडतो ते लगेच दिसतं.

पहिली वजाबाकी: आरोग्य विमा

सगळे भाड्यापासून सुरुवात करतात. मी विम्यापासून करायला सांगेन, कारण हा खर्च असा आहे की शहर कुठलंही असो, तो जवळपास तेवढाच राहतो आणि टाळता येत नाही. विम्याचा पुरावा दिल्याशिवाय विद्यापीठ तुमचं नाव नोंदवत नाही.

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला तिथल्या सार्वजनिक विमा संस्थांमध्ये सवलतीचा दर मिळतो. संस्थेनुसार थोडा फरक पडतो, पण महिन्याला साधारण 140 ते 150 युरो धरा. वय 23 च्या पुढं असेल आणि मूल नसेल तर शुश्रूषा विम्याचा हप्ता थोडा वाढतो. मी पुढं 145 धरतेय.

992 वजा 145, उरले 847. भाड्याचं अजून नावही घेतलेलं नाही.

आपल्याला गोव्यात याची सवय नसते. बांबोळीला गोमेकॉत जायचं, केस पेपर काढायचा, झालं. शिवाय दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात असतं. तिथं यातलं काहीच चालत नाही. त्यामुळे महिन्याला 145 युरो हा खर्च घरच्यांना फार खुपतो आणि स्वस्तातल्या खाजगी विम्याकडे लक्ष जातं. महिन्याला 30-40 युरोंच्या जाहिराती दिसतात खऱ्या, पण त्यातल्या बऱ्याच योजना प्रवासी विम्याच्या धर्तीच्या असतात: आधीपासूनचे आजार वगळलेले, काही उपचारांना वरची मर्यादा. आणि मुख्य गोष्ट अशी, की सार्वजनिक विम्यातून सूट मागून तुम्ही खाजगी घेतलात, तर तो अभ्यासक्रम संपेपर्यंत साधारणपणे परत फिरता येत नाही. दम्याचा पंप किंवा थायरॉइडची गोळी रोजची असेल, तर इथं पैसे वाचवायला जाऊ नका.

तीस ओलांडलेल्यांनी मात्र सावध राहावं. त्यांना विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर मिळत नाही. ऐच्छिक सदस्य म्हणून घेतलं तर हप्ता बराच जास्त पडतो, आणि तेही प्रत्येकाला मिळेलच असं नाही. नोकरी करून मग मास्टर्सला निघालेल्यांनी विमा संस्थेला आधीच लिहून विचारावं. त्यांचा अख्खा हिशेब इथंच बदलतो.

सार्वजनिक विम्यातही सगळं फुकट नसतं. डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधावर साधारण 5 ते 10 युरो आपल्याला भरावे लागतात. मोठ्यांच्या चष्म्याला सहसा काही मिळत नाही, आणि दातांची नेहमीची सफाई बहुतेकदा स्वतःच्या खिशातून करावी लागते. निघण्याआधी म्हापशाला किंवा मडगावला जिथं तुमचा नेहमीचा डेंटिस्ट असेल तिथं दात दाखवून घ्या आणि चष्म्याचे दोन जोड करून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट: हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि विद्यार्थी विमाही सहसा तेव्हापासूनच लागू होतो. सप्टेंबरात पोचणार असाल तर मधल्या दिवसांसाठी प्रवासी विमा वेगळा काढावा लागतो.

दुसरी वजाबाकी: भाडं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण दोन ऑफर्समधला खरा फरक बहुधा इथंच असतो.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर ‘राहण्याचा अंदाजे खर्च’ म्हणून जे लिहिलेलं असतं ते सोडून द्या. बऱ्याचदा तो आकडा वसतिगृहाच्या खोलीचा असतो, आणि ती खोली तुम्हाला मिळेलच असं नाही. विद्यार्थी वसतिगृहं विद्यापीठ चालवत नाही. त्या शहराची श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते (साइटवर Studierendenwerk किंवा Studentenwerk असं दिसेल). तिचं पान उघडून दोनच गोष्टी बघा: खोल्यांचं भाडं आणि प्रतीक्षा किती. म्युनिकसारख्या शहरात ही प्रतीक्षा काही सत्रांची असते. पूर्वेकडच्या लहान शहरांत कधी पहिल्याच सत्राला खोली मिळून जाते. प्रतीक्षा लांबलचक असेल तर वसतिगृहाचं भाडं हिशेबात धरूच नका. अर्ज मात्र करून ठेवा.

मग खाजगी खोल्या बघा. जर्मनीत बहुतेक विद्यार्थी तीन-चार जणांच्या सामायिक फ्लॅटमध्ये एक खोली घेतात. अशा फ्लॅटला WG म्हणतात आणि WG-Gesucht या साइटवर त्याच्या जाहिराती असतात. शहर निवडा, ‘WG-Zimmer’ निवडा, आणि नुकत्याच टाकलेल्या वीस जाहिराती ओळीनं वहीत उतरवा. महागड्या तीन-चार आणि संशयास्पद स्वस्त तीन-चार खोडून टाका. उरलेल्यांतला मधला आकडा तुमच्या हिशेबाचा. सरासरी काढू नका. एखादी 1,200 युरोंची सजवलेली खोली सगळी सरासरी बिघडवते.

जाहिरातीतल्या आकड्यांत एक खाच आहे. Kaltmiete म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. Nebenkosten म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंगसुद्धा. दोन्ही मिळून Warmmiete. यादीत एखाद्याला 480 दिसतात, तो खूश होतो, आणि खाली बघितलं तर ते नुसतं जागेचं भाडं, वर 120 वेगळे. वीज आणि इंटरनेट तर कित्येकदा Warmmiete मध्येही नसतं. म्हणून वहीत प्रत्येक खोलीपुढं चार रकाने करा: नुसतं भाडं, इतर शुल्क, वीज, इंटरनेट. रिकामा रकाना राहिला तर जाहिरात देणाऱ्याला विचारा. हीटिंगचा आकडा अंदाजे घेतलेला असतो. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो आणि थंडीला न सरावलेल्या आपल्या मुलांना त्यात बहुधा वरून भरावं लागतं.

भाड्याबरोबर येणारा अजून एक आकडा म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यावंच लागतं. पण ते दर घराला असतं, दर माणसाला नाही. तिघांच्या फ्लॅटमध्ये माणशी सहा युरो पडतात, एकट्यानं घर घेतलं तर पूर्ण 18.36.

गोव्यातून जाहिराती बघताना फसवणुकीचा एकच साचा पुन्हापुन्हा दिसतो. मालक म्हणतो, मी सध्या परदेशात आहे, खोली दाखवता येणार नाही, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल. फोटो हॉटेलसारखे, भाडं बाजारापेक्षा निम्मं. अशी जाहिरात दिसली की पुढं जा. व्हिडिओ कॉलवर तिथं राहणाऱ्या कुणी खोली दाखवली नाही तर पैसे पाठवायचे नाहीत. आणि पत्ता नोंदवता येईल का हे विचारा, जाहिरातीत त्याला Anmeldung म्हणतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि पुढची पुष्कळ कामं त्या कागदावर अडतात. ‘खोली स्वस्त देतो, पण नोंदणी नाही’ असं कुणी म्हणालं तर ती खोली स्वस्त नाही.

प्रवास: आधी सत्रशुल्क वाचा

फी नसली तरी प्रत्येक सत्राला Semesterbeitrag नावाची रक्कम भरावी लागते. काही ठिकाणी ती शंभराच्या आत असते, काही ठिकाणी तीनशेच्या वर. जास्त दिसली म्हणून दचकू नका. त्यात काय काय आहे ते वाचा. पुष्कळ विद्यापीठांच्या शुल्कात देशभरच्या लोकल गाड्या, ट्राम आणि बसचा पास येतो. तो सर्वसामान्य माणसाच्या डॉइचलांडटिकेटच्या सुमारे साठ टक्के किमतीला पडतो. जानेवारी 2026 पासून ते तिकीट महिन्याला 63 युरो आहे, म्हणजे विद्यार्थ्याला अडतीसच्या आसपास. काही विद्यापीठांत हा पास शुल्कात नसतो, वेगळा घ्यावा लागतो. तेव्हा सत्रशुल्काला सहानं भागा, पास त्यात नसेल तर त्याची किंमत मिळवा, आणि हा झाला तुमचा प्रवास.

यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही. कदंबाच्या पासाच्या मानानं महाग वाटेल, पण दोन शहरांमधला फरक फार तर दहा-वीस युरोंचा. फक्त एक बघा: ऑफर कुठल्या कॅम्पसची आहे. मोठ्या विद्यापीठांचे काही विभाग मूळ शहराच्या बाहेर असतात, आणि मग खोलीही त्याच बाजूला बघावी लागते. तिथं भाडं कमीही असू शकतं.

वाणसामान: दुसऱ्याची यादी घेऊ नका

‘जेवणाला किती लागतात?’ असं तिथल्या मुलांना विचारलं तर एक जण 120 सांगेल, दुसरा 350. दोघंही खरंच बोलत असतात. एक रोज डाळभात खातो, दुसरा बाहेर जेवतो. म्हणून स्वतः घरी आठवडाभर काय खाता ते लिहा आणि त्याच्या किमती तिथल्या दुकानात बघा. रेवे या मोठ्या साखळीच्या साइटवर आपल्या शहराचा पिन कोड टाकला की किमती दिसतात. आल्डी, लिडल, पेनी ही दुकानं साधारण त्याहून स्वस्त, आणि त्यांचे भाव शहर बदललं म्हणून फारसे बदलत नाहीत. त्यामुळे दोन ऑफर्सची तुलना करताना जेवणाचा आकडा दोन्हीकडं सारखाच धरला तरी चालतं.

आपल्याकडच्या एका माणसाचा आठवडा मी असा मांडते. युरोचे आकडे ढोबळ आहेत, तुम्ही तुमच्या दिवशीचे घाला. तांदूळ किलोभर 2, डाळ अर्धा किलो 2, दहा अंडी अडीच, चिकन 8, भाज्या-कांदे-बटाटे 10, दूध तीन लिटर 3, दही 1, पाव 2, फ्रोझन मासे 5, फळं 5, आणि तेल-चहा-मसाल्याचा आठवड्याचा वाटा 3. बेरीज सुमारे 44.

आता इथं लोक चारानं गुणतात आणि फसतात. महिन्यात चार आठवडे नसतात, 4.33 असतात. 44 गुणिले 4.33 म्हणजे 190. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, त्याला मेन्झा म्हणतात, विद्यार्थ्याला तीन-चार युरोंच्या आसपास जेवण मिळतं. आठवड्यातून एखाद-दोनदा तिथं जेवाल, तर वर 20 ठेवा. 210.

मासे हा आपला कमकुवत दुवा. ताजे घ्यायला गेलात तर किलोला चिकनच्या दुप्पट-तिप्पट सहज, आणि समुद्रापासून लांबच्या शहरात ताजे म्हणजे तरी किती ताजे! फ्रोझनवर भागवावं लागतं. सुक्या माशांची मात्र सोय आहे: युरोपियन युनियनमध्ये स्वतःच्या खाण्यासाठी मासळी नेता येते, वीस किलोपर्यंत. सुकी सुंगटां, सुके बांगडे नीट हवाबंद करून न्या, बरोबर सोलां. मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे चोरिस नको, आईनं कढवलेलं तूप नको आणि मावशीनं दिलेले पेढेही नकोत. विमानतळावर काढून घेतात, दंड झाला तर तो वेगळा. उकडे तांदूळ तिथल्या आशियाई दुकानांत मिळतीलच असं धरू नका.

पहिल्या खरेदीत बरण्या, तवा, कुकर, मसाल्यांचा साठा यावर जास्त जातात. ते महिन्याच्या खर्चात घालू नका, त्याची जागा पुढं आहे.

दोन ऑफर्स शेजारी मांडून बघू

समजा डिचोलीची एक मुलगी आहे, वय 24, इंजिनिअरिंग झालेली. दोन वर्षांच्या मास्टर्सच्या दोन ऑफर्स आहेत: एक म्युनिकची, एक पूर्वेकडच्या साक्सन राज्यातल्या मध्यम शहराची. दोन्हीकडं फी नाही असं धरू. (म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं मात्र 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावलीय, मास्टर्सला सत्राला 4,000 ते 6,000 युरो. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात 2017 पासून सत्राला 1,500 आहे. ऑफर तिथली असेल तर ते आकडे वेगळे मिळवा.)

म्युनिकमध्ये तिच्या वहीतली मधली खोली अशी: नुसतं भाडं 620, इतर शुल्क 110, वीज-इंटरनेट 30, रेडिओ-टीव्हीचा वाटा 6. एकूण 766. विमा 145. पास शुल्काबाहेर, 43 धरला. सत्रशुल्क 90, म्हणजे महिन्याला 15. फोन 10. जेवण 210. कपडे, केस कापणं, वह्या, कधीतरी मित्रांबरोबर बाहेर, यासाठी 60. बेरीज 1,249.

दुसऱ्या शहरात वसतिगृहाची खोली वीज-इंटरनेट धरून 290, रेडिओ-टीव्हीचा वाटा 6, विमा तोच 145. सत्रशुल्क 320, त्यात पास आला, म्हणजे महिन्याला 53. फोन 10, जेवण 210, इतर 60. बेरीज 774.

पहिल्या ठिकाणी गोठवलेल्या खात्यातून येणारे 992 संपून दर महिन्याला 257 कमी पडतात. वर्षाला तीन हजार युरोंच्या वर. दुसऱ्या ठिकाणी दर महिन्याला 218 उरतात. दोन्हीतला फरक महिन्याला 475. चोवीस महिन्यांचे 11,400. म्हणजे जवळजवळ एका वर्षाच्या गोठवलेल्या खात्याएवढी रक्कम नुसत्या शहराच्या निवडीत आहे. एक युरो 105 रुपयांना धरला तर बारा लाख. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशी बँकेचा विक्रीचा दर विचारा आणि वर थोडी जागा ठेवा. टीव्हीवर दाखवतात त्या दरानं बँक युरो देत नाही.

या दोन यादींतून एक सोपी कसोटी निघते. विमा, जेवण, प्रवास, फोन आणि किरकोळ खर्च गेल्यावर 992 मधले सुमारे 510 उरतात. म्हणजे सगळं धरून भाडं 510 च्या आत असेल तर खातं पुरतं. त्याच्या वर जितके, तितके दर महिन्याला घरून पाठवावे लागणार. वीस जाहिरातींतला मधला आकडा या 510 शी ताडून बघितला की शहराचा निकाल पाच मिनिटांत लागतो.

म्हणून म्युनिक नाकारावं असं मी म्हणत नाही. विषय तिथंच चांगला असेल, नोकऱ्या तिथं असतील, तर वरचे बारा लाख देणं शहाणपणाचंही ठरू शकतं. पण ते ठरवून द्यावेत.

पहिला महिना वेगळा मांडा

वरचा हिशेब स्थिरावल्यानंतरच्या महिन्याचा. पहिल्या महिन्याला वेगळं पान लागतं, आणि बहुतेक मुलं अडतात ती इथं.

डिपॉझिट म्हणजे Kaution कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याएवढं घेता येतं, आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. प्रत्यक्षात सामायिक फ्लॅटमध्ये बहुधा एकरकमी मागतात, आणि नवख्यानं हक्काची भाषा सुरू केली की खोली दुसऱ्याला जाते. म्युनिकच्या उदाहरणात दोन महिन्यांचं धरू: 1,240. खोलीचा पहिला महिना 766. खोली मिळेपर्यंत हॉस्टेलचे बारा दिवस, 35 च्या दरानं 420. भांडीकुंडी, उशी-पांघरूण 150. राहण्याच्या परवान्याचं शुल्क 100. सत्रशुल्क 90. विमा आणि पास 188. जेवण 210, फोन 10. बेरीज 3,174 युरो.

खात्यातून येणार 992. आणि तेही उतरल्याबरोबर नव्हे. तिथं चालू खातं उघडायचं, कागद पाठवायचे, मग पहिला हप्ता. पत्त्याची नोंदणी अडली तर तीन-चार आठवडे सहज जातात. म्हणजे या मुलीच्या हाताशी गोठवलेल्या खात्याव्यतिरिक्त किमान 2,200 युरो हवेत, आणि खातं सुरू व्हायला उशीर झाला तर 3,200. काही गोठवलेल्या खात्यांत सुरुवातीलाच जास्तीची रक्कम भरून ती पहिल्या हप्त्याबरोबर काढता येते. खातं उघडताना हे विचारून घ्या. नाहीतर फॉरेक्स कार्डावर ठेवा.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल, बँकेचं असो की गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी, तर पैसे कुठल्या टप्प्यात आणि कशासाठी सुटतात ते लेखी घ्या. डिपॉझिट आणि हॉस्टेल या बाबी कर्जाच्या यादीत बसतीलच असं नाही. आणि दुसऱ्या वर्षाचं विसरू नका: परवाना वाढवताना पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवावी लागते.

कमाई कुठं धरायची

बाहेरून गेलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. कागदावर यातून म्युनिकची तूट सहज भरते. तरीही पहिल्या सत्राच्या रकान्यात मी शून्यच लिहायला सांगते. जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षांचे दिवस येतात. दुसऱ्या सत्रापासून महिन्याला दोन-तीनशे धरले तर ठीक. तेवढे न आल्यास घरून पाठवता येतील का, हे मात्र आईबाबांशी आधी बोलून घ्या.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना एक सूचना

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. पोर्तुगीज नागरिकत्व असेल तर जर्मनीत व्हिसा लागत नाही, गोठवलेलं खातं लागत नाही, आणि बाडेन-व्युर्टेंबर्गची 1,500 ची फीही लागत नाही. पण घरमालक तेच भाडं घेतो आणि लिडलमध्ये तांदळाचा भाव तोच असतो. विम्याचा पुरावा विद्यापीठ यांच्याकडूनही मागतं. युरोपियन आरोग्य कार्ड मिळतं ते पोर्तुगालच्या आरोग्यव्यवस्थेत नोंद असलेल्याला. जन्मभर म्हापशात राहून नुसता पासपोर्ट काढलेल्याला नाही. त्यांनीही 145 धरावेतच. उलट गोठवलेलं खातं नसल्यानं महिन्याला किती खर्च करायचे याला कुणी लगाम घालत नाही, तेव्हा हा तक्ता त्यांना जास्तच लागतो.

ऑफरला उत्तर देण्याआधी

प्रवेशपत्रावर स्वीकारायची शेवटची तारीख असते. सरकारी विद्यापीठं होकारासाठी सहसा आगाऊ रक्कम मागत नाहीत, खाजगी मागतात आणि ती परत मिळणं अवघड. खाजगीची ऑफर असेल तर हा हिशेब पैसे भरायच्या आधी, सरकारीची असेल तर तारखेच्या निदान आठवडाभर आधी पुरा करा. म्हणजे मध्ये दोन ईमेल करायला वेळ राहतो. एक श्टुडिएरेंडेनवेर्कला: माझ्या सत्राला खोली मिळण्याची शक्यता किती आणि प्रतीक्षा किती महिने? दुसरं विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला: या सत्राच्या शुल्कात प्रवासाचा पास आहे का, आणि माझ्या अभ्यासक्रमाला फी आहे का? उत्तरं एक-दोन ओळींची येतात, पण तक्त्यातले दोन सगळ्यात डळमळीत आकडे त्यांनी पक्के होतात. वसतिगृहाचं उत्तर ‘तीन सत्रं थांबा’ असं आलं, तर 290 खोडून तिथं खाजगी खोलीचा आकडा लिहा आणि बेरीज पुन्हा करा.